डिस्नेला नेमकं कधी जायचं आणि दुपारी मुलांना कुठे झोपवायचं

"ताई, आम्ही एडिसनला राहतो. मुलगा ५ वर्षांचा, ४२ इंच उंच आहे. मुलगी सप्टेंबरच्या शेवटी ३ ची होईल, ती अजून दुपारी झोपते आणि झोप चुकली की संध्याकाळ नुसती रडारड. सासू-सासरे नाशिकहून आलेत, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आहेत, सासूबाईंचे गुडघे दुखतात. सगळ्यांनी मिळून ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला आठवडाभर जायचंय. आमच्याकडे शाळा लेबर डेनंतर उघडते, म्हणून ऑगस्टचा शेवटचा आठवडा चालेल, नाहीतर नोव्हेंबरमधली टीचर्स कन्व्हेन्शनची सुट्टी, नाहीतर मग आमचं आमचं ख्रिसमसला. नवरा म्हणतो चार दिवसांत चार पार्क उरकू. मला भीती वाटतेय. काय करू?"

ऑगस्टचा शेवटचा आठवडा घे. उकडेल, भरपूर उकडेल, तरी तोच घे.

डिस्नेची गर्दी हवा बघून होत नाही, शाळा बघून होते. ऑरलँडोच्या शाळा साधारण १० ऑगस्टच्या आसपास उघडतात, जॉर्जिया आणि बाकीच्या दक्षिणेकडच्या बऱ्याच शाळा पण ऑगस्टच्या सुरुवातीलाच सुरू झालेल्या असतात, आणि तिथून गाडी काढून येणारी कुटुंबं भरपूर असतात, ती सगळी त्या आठवड्यात घरी अभ्यासाला बसलेली असतात. मोकळे कोण तर तुमच्यासारखे लेबर डेनंतर शाळा उघडणारे. म्हणजे न्यू जर्सीत राहण्याचा हा एक फायदाच आहे, तो वापर. तिकिटाचे दर तारखेप्रमाणे बदलतात आणि ऑगस्टचा शेवट-सप्टेंबर हे त्यातल्या त्यात स्वस्त दिवस. आणि तुझ्या लेकीला ३ पूर्ण व्हायच्या आत गेलात तर तिला पार्कचं तिकीटच लागत नाही. विमानात मात्र तिची सीट घ्यावीच लागेल, मांडीवरचं मूल फक्त २ वर्षांच्या आतलं चालतं.

नोव्हेंबरची सुट्टी हवेसाठी छान आहे हे खरं, पण तुमच्यासारखाच विचार अख्खं न्यू जर्सी करतं. अटलांटिक सिटीत शिक्षकांचं कन्व्हेन्शन भरतं, गुरुवार-शुक्रवार शाळा बंद, लोक आधीचे तीन दिवस शाळा बुडवून आठवडा जुळवतात, आणि डिस्नेला नेहमी जाणारे या आठवड्याला चक्क जर्सी वीक म्हणतात, एवढी ती गर्दी ठरलेली आहे. ख्रिसमस ते न्यू इयर तर विचारूच नकोस, वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी तेव्हा असते, अडीच-तीन वर्षांच्या मुलीला घेऊन त्यात शिरू नका, आणि सासू-सासरेही तेव्हा नसतील.

आता उन्हाचं. त्या दिवसांत ऑरलँडोला दुपारी ३३ डिग्री आणि वर दमट, आपल्या मुंबईचा मे म्हण, आणि बहुतेक दुपारी दोन-तीनच्या सुमाराला ढग दाटून विजांसकट पाऊस येतो, तास-दीड तास धुऊन काढतो आणि जातो. वीज जवळ आली की डंबोसारख्या उघड्यावरच्या राईड बंद ठेवतात आणि ती सगळी माणसं आतल्या राईडच्या लायनीत जाऊन उभी राहतात. शिवाय वादळांचा मोसम असतो, त्यामुळे हॉटेल डिस्नेकडूनच थेट बुक करा, हरिकेन वॉर्निंग लागली तर त्यांच्याकडे तारखा बदलायची सोय आहे. विमानाचं वेगळं बघावं लागेल, म्हणून तिकीट बदलता येईल असंच घे.

हे सगळं ऐकून घाबरू नकोस, कारण यातूनच तुमच्या दिवसाचा आकार ठरतो. बघ, राईड तासाला जेवढी माणसं नेते तेवढीच नेते, सकाळी पण आणि दुपारी पण. लाईन म्हणजे साठलेली माणसं. पार्क उघडतं तेव्हा साठलेलं काहीच नसतं, लोक नाश्ता करून रमतगमत दहा-अकरापर्यंत येत राहतात, तोवर येणारे जास्त आणि राईडवरून सुटणारे कमी असं होऊन लाईन वाढत जाते, आणि एकदा साठली की ती पार संध्याकाळी लोक परत निघेपर्यंत ओसरत नाही. पीटर पॅन्स फ्लाइट हे याचं चांगलं उदाहरण. छोट्या छोट्या होड्या, तासाला माणसं कमी, उंचीची अट नाही म्हणून प्रत्येक लहान मूल त्यात, त्यामुळे उघडल्या उघडल्या दहा-पंधरा मिनिटांत होणारी राईड अकराला तासाभराची झालेली असते. म्हणजे साधारण बारा ते चार या वेळात लाईन सगळ्यात लांब, ऊन सगळ्यात कडक, पाऊस त्याच वेळी, आणि तुझी लेक झोपते ती पण त्याच वेळी. तेव्हा तुम्ही पार्कात असायचंच नाही, हॉटेलच्या एसी खोलीत झोपायचं. हे एवढं पाळलंत तर बाकी गोष्टी थोड्या इकडेतिकडे झाल्या तरी चालतील.

म्हणून हॉटेल कुठलं हा प्रश्न राईडपेक्षा महत्त्वाचा. बाहेर स्वस्त हॉटेल घेऊन गाडीने आलात तर मॅजिक किंगडमला गाडी लांब लावावी लागते आणि तिथून मोनोरेल नाहीतर फेरीबोट करून दाराशी पोचायचं, स्ट्रोलर, बॅगा, सासूबाईंचे गुडघे, सहज पाऊण तास जातो, आणि दुपारी हाच प्रवास उलटा करायचा म्हटलं की नवरा म्हणणार राहू दे, इथेच थांबू. तिथून दिवस बिघडतो. डिस्नेच्या हॉटेलची बस मॅजिक किंगडमच्या दाराजवळ सोडते. तुम्ही सहा जण आहात, तर आर्ट ऑफ अॅनिमेशनमधला फॅमिली स्वीट बघ, सहा माणसं झोपतात, दोन बाथरूम, छोटा फ्रीज आणि मायक्रोवेव्ह. दोन खोल्या घेण्यापेक्षा हा बरा, कारण लेक झोपली की तिला आतल्या खोलीत ठेवून बाकीच्यांना बाहेर बसता येतं. एपकॉटला जायला तिथून स्कायलायनर आहे, म्हणजे केबल कार, त्यात स्ट्रोलर उघडा तसाच ढकलत नेता येतो.

बसमध्ये मात्र स्ट्रोलर दुमडावा लागतो, आणि इथेच बहुतेकांची दुपार फसते. लोक काय करतात, अजून एकच राईड अजून एकच करत एक-दीड वाजवतात, पोरगी स्ट्रोलरमध्येच झोपते, मग बसस्टॉपवर तिला उचलायचं, ती जागी होते, दहा मिनिटांची झोप झालेली असते, खोलीवर जाऊन परत झोपत नाही आणि संध्याकाळी तू म्हणतेस ती रडारड. म्हणून ती एकला झोपत असेल तर सव्वाबाराला दाराबाहेर निघा, ती टक्क जागी असताना. खोलीवर वरण-भात, आंघोळ, पडदे ओढले, झोप. आणि स्ट्रोलरवर उन्हासाठी जाड चादर टाकून त्यात मुलाला झोपवायचा प्रकार अजिबात करू नकोस, आत हवा कोंडते आणि प्रचंड गरम होतं. जाळीचं कापड आणि क्लिपचा छोटा पंखा पुरे.

आता दिवस निवडायचे. चार दिवसांत चार पार्क हे डोक्यातून काढा. हॉलीवूड स्टुडिओज सोडून द्या, तिथे चांगल्या राईड आहेत पण निम्म्याहून जास्त राईडना उंचीची अट, तुझी लेक आणि सासूबाई दोघी नुसत्या बसून राहतील. त्याऐवजी मॅजिक किंगडमला दोनदा जा. चार दिवसांचं तिकीट सात दिवसांत कधीही वापरता येतं, त्यामुळे मध्ये सुट्टीचे दिवस टाकायला वेगळे पैसे पडत नाहीत.

आणि एक गोष्ट आधी तपासायची, मॅजिक किंगडमच्या हॅलोवीन पार्टीच्या तारखा. ऑगस्टमध्ये कसली हॅलोवीन असं वाटेल पण गेल्या काही वर्षांत ती ऑगस्टच्या मध्यापासूनच सुरू होते, आठवड्यातले काही ठरावीक दिवस, तिचं तिकीट वेगळं, आणि त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना पार्क संध्याकाळी ६ लाच बंद. मग ज्यांना रात्रीची आतषबाजी बघायची असते ते त्या दिवशी येतच नाहीत. सकाळ-दुपार त्यातल्या त्यात मोकळी मिळते. तुम्ही तर सव्वाबारालाच निघणार आहात, सहाला बंद झालं काय आणि अकराला झालं काय, तुम्हाला फरकच पडत नाही. म्हणजे ज्या दिवसाला बाकी लोक टाळतात तो तुमचा. शनिवार-रविवार टाळा, मंगळवार-बुधवार मोकळा असतो वगैरे जे सांगतात त्यावर फार जाऊ नकोस, उलट सोमवारी मॅजिक किंगडम चांगलंच भरतं कारण शनिवार-रविवारी येऊन पोचलेले सगळे पहिल्यांदा तिथेच धावतात.

समज त्या आठवड्यात पार्टी मंगळवारी आणि शुक्रवारी आहे, तर मी असा आठवडा लावीन. शनिवारी पोचायचं, हॉटेलचा पूल, लवकर झोप, बाकी काही नाही. रविवारी अॅनिमल किंगडम, ते सकाळी लवकर उघडतं, प्राणीही सकाळी गारव्यात हिंडताना दिसतात, पहिल्यांदा सफारी, मग ना'वी रिव्हर जर्नी जिथे उंचीची अट नाही, आणि बाराला परत. सोमवारी सुट्टी. मंगळवारी पार्टीचा दिवस म्हणून मॅजिक किंगडम. बुधवारी एपकॉट अर्धा दिवस, फ्रोझन, निमो, आणि लिव्हिंग विथ द लँड नावाची हरितगृहातून जाणारी होडी, सासऱ्यांना शेतीबितीची आवड असेल तर ते तिथून हलणार नाहीत. गुरुवारी पार्टी नाही, म्हणून मॅजिक किंगडम पण उलटं, सकाळभर आराम, दुपारची झोप खोलीवर, आणि पाच वाजता पार्कात. शुक्रवारी परत सुट्टी. शनिवारी घरी.

मध्ये हा अख्खा रिकामा सोमवार बघून नवरा कुरकुर करेल. त्याला सांग की मुलं पहिल्या दिवशी कधीच थकत नाहीत, थकवा साठतो आणि तिसऱ्या दिवशी बाहेर येतो. मुलगा सकाळी बूट घालायलाच तयार नाही, आवडती राईड समोर असून पण नको म्हणतोय, ताटातलं तसंच आहे, लघवी कमी आणि गडद झालीय, हे दिसलं की त्या दिवशी पार्क नाही, तारीख कुठलीही असो. शेवटचं लक्षण तर पाणी कमी पडल्याचं आहे, ते सासू-सासऱ्यांचंही बघ, म्हातारी माणसं सारखं बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणी टाळतात. पार्कातल्या खाण्याच्या काउंटरवर थंड पाण्याचा ग्लास फुकट देतात, काही विकत घ्यायला लागत नाही, नुसतं मागायचं.

मंगळवारची सकाळ नीट सांगते कारण ती एकच सकाळ साधली की पोरांच्या मनात असलेलं बहुतेक सगळं होऊन जातं. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज पार्क अर्धा तास आधी उघडतं, पण मॅजिक किंगडममध्ये तेव्हा फक्त फँटसीलँड आणि टुमॉरोलँड हे दोनच भाग. पार्क ९ ला असेल तर तुम्हाला साडेआठला, आणि तुम्ही दाराशी पावणेआठला हवेत, म्हणजे बस सातला. नाश्ता रात्रीच भरून ठेवायचा, दशम्या, थेपले, केळी, बाहेरचं खाणं नेता येतं, फक्त काचेच्या बाटल्या आणि सुटा बर्फ चालत नाही. आत गेल्यावर किल्ल्यासमोर फोटो काढत बसू नका, ते नंतर. सगळे मिळून पीटर पॅन, तिथून विनी द पू, तिकडून डंबो. डंबोच्या लायनीत तंबूखाली मुलांना खेळायला एसी जागा आहे, आणि शेजारीच पाण्याची कारंजी आहेत, मुलगा भिजणारच, कपडे बरोबर ठेव.

सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ३८ इंच लागतात, मुलगा बसू शकतो, लेक नाही. तिथे राईडच्या तोंडाशी उभ्या कर्मचाऱ्याला रायडर स्विच हवंय म्हणून सांगायचं. नवरा मुलाला घेऊन लायनीत जाईल, तू लेकीबरोबर बाहेर, ते आले की तू लाइटनिंग लेनमधून, म्हणजे लांब लाईन न लावता जायचं, आणि मुलाला तुझ्याबरोबर परत दुसऱ्यांदा बसता येतं, त्यासाठी वेगळे पैसे नाहीत. आजी-आजोबा लेकीला सांभाळणार असतील तर तुम्ही दोघं एकत्रच जा. बार्नस्टॉर्मरला ३५ इंच, टियानाज बायू अॅडव्हेंचरला ४०, ही दोन्ही मुलाला चालतात. स्पेस माउंटनला ४४ आणि ट्रॉनला ४८, ती नाहीत, हे त्याला घरीच सांगून टाक. दारापर्यंत जाऊन काठी लावून परत पाठवलेलं मूल अर्धा तास रडतं, आणि त्याचं बरोबरच असतं.

दहा-साडेदहाला लाईनी वाढायला लागल्या की राईडचा नाद सोडायचा. मेन स्ट्रीटच्या टोकाला क्रिस्टल पॅलेसच्या बाजूला बेबी केअर सेंटर आहे, एसी, शांत, कपडे बदलायला जागा, मायक्रोवेव्ह, छोट्या खुर्च्या, तिथे लेकीला भरवून घे. सासूबाईंसाठी दारातच व्हीलचेअर भाड्याने मिळते, पहिल्या मिनिटापासून घ्या, दुखायला लागल्यावर नाही. मग मिकीज फिलहारमॅजिक, कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस चालू असेल तर तो वीसेक मिनिटांचा बसून बघायचा शो, पीपलमूव्हर, असं बसता येईल तेच. आणि सव्वाबाराला बाहेर.

लाइटनिंग लेनचा पास रोज घेऊ नका. मंगळवारी सकाळी गरजच नाही. घ्यायचा तर गुरुवारचा, कारण तेव्हा तुम्ही गर्दीतच शिरणार आहात. हॉटेलवाल्यांना मुक्कामाच्या ७ दिवस आधी, सकाळी ७ ला अॅपवर बुकिंग उघडतं, तीन राईड आधी निवडायच्या, तिन्ही संध्याकाळी पाचनंतरच्या. लेकीसाठी पास लागत नाही.

आतषबाजी बघायला किल्ल्याच्या अगदी पुढे जाऊ नका. मेन स्ट्रीटवर पार मागे, रेल्वे स्टेशनच्या बाजूला उभं राहिलात तरी छान दिसतं आणि संपल्यावर दार जवळ. लेकीला कानावर लावायचे इअरमफ न्या, आवाज खूप मोठा असतो. संपल्या संपल्या सगळं पार्क एकदम बसकडे निघतं, त्या लोंढ्यात स्ट्रोलर घालू नका, एकतर शेवटची दोन मिनिटं सोडून आधी निघा नाहीतर अर्धा-पाऊण तास मागे बसून राहा. दोन्हीतलं एक आधीच ठरवा, तिथे उभं राहून ठरवायला गेलात तर भांडण होतं.

सासू-सासऱ्यांना मात्र चार दिवसांचं तिकीट काढू नकोस. तिथे ज्येष्ठ नागरिकांना सवलत नाही, १० वर्षांवरचे सगळे एकाच दराचे. त्यांचं दोन दिवसांचं घ्या, ते चार दिवसांत वापरता येतं, म्हणजे रविवारचं अॅनिमल किंगडम आणि मंगळवारचं मॅजिक किंगडम त्यात बसतं. तुमच्या सासऱ्यांना ते लिव्हिंग विथ द लँड बघायचंच असेल तर रविवारऐवजी मंगळवार-बुधवार धरा. गुरुवारी संध्याकाळी ते दोघं हॉटेलवर चहा पिऊन तळ्याकाठी फिरतील, त्यांनाही तुमच्यापासून जरा सुट्टी हवीच असेल. आणि त्या दिवशी लेक खूपच थकलेली वाटली तर तिला त्यांच्याजवळ ठेवून तुम्ही तिघंच जा. ती त्या वयात आतषबाजी चुकली म्हणून रुसणार नाही, मुलाला मात्र आई-बाबा दोघं एका वेळी पूर्ण मिळतील, आठवडाभर धाकटीच्या झोपेप्रमाणे चाललेल्या पोराला ते मिळायला हवं.

हॉटेल आणि तिकिटं घेण्याआधी पार्टीच्या तारखा आल्यात का ते बघ आणि माझे मंगळवार-गुरुवार त्याप्रमाणे पुढेमागे कर. मुलाची उंची जायच्या आठवड्यात परत एकदा मोजून घे.